तीन पट्ट्यांचा पेटीकोट

शिवणाऱ्या बायका दोन तऱ्हेच्या असतात. एक नुसत्या नजरेने अंदाज घेऊन कात्री चालवणारी, आणि दुसरी तीनदा मोजून चौथ्यांदा शंका काढणारी. आपली ही बाई दुसऱ्या तऱ्हेची. गळ्यात मोजायची टेप इतकी कायमची की एकदा तशीच बाजारात गेली, तर भाजीवाला म्हणाला, "बाई, काकडी मोजून घेणार का?" तेव्हापासून पडद्यांच्या कारखान्यात तिचं नाव टेपबाई पडलं ते पडलंच. ती रागावली नाही. रागवायला वेळ लागतो आणि तो तिच्याकडे नव्हता.

कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. एका इमारतीचं तळघर, सहा मशिनं, कापड कापायचं एक लांब टेबल, आणि कोपऱ्यात वाफेच्या इस्त्रीचा बॉयलर. तळघराला ओल एवढी की भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गठ्ठ्याला चार दिवसांत बुरशी. कोरडी जागा एकच, बॉयलरच्या वरची फळी.

टेपबाईकडे काम असायचं पडद्याच्या खालच्या कडेचं. पडदा सरळ पडतो तो काही स्वतःच्या शहाणपणाने नाही. त्याच्या कडेत वजनपट्टी शिवलेली असते, म्हणजे कापडाच्या बारीक नळीत भरलेले लोखंडी मणी, मीटरला चारशे ग्रॅम. ती पट्टी बाहेरून दिसता कामा नये, हीच त्यातली करामत. टेपबाईने शिवलेली पट्टी तिची तिलासुद्धा सापडायची नाही. मालकीणबाई गिऱ्हाइकाला सांगायच्या, "पट्टी शोधून दाखवा, पडदा फुकट." अकरा वर्षांत एकही पडदा फुकट गेला नाही.

आता तिच्या मुलीचं सांगतो, कारण गोष्ट खरी तिचीच. वय आठ. घरात तिला खडू म्हणायचे, कारण ती खडूसारखीच होती, पांढुरकी आणि बारीक. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. या आजारात अंगातले रस चिकट होतात. छातीत कफ अडकतो आणि पोटात स्वादुपिंडाच्या नळ्या बुजतात. मग अन्न पचवायचे रस आतड्यात उतरतच नाहीत. खाल्लेलं तूप, लोणी, दूध जसं जातं तसं तेलकट होऊन बाहेर पडतं. पोर खात राहतं आणि वाळत राहतं.

यावर उपाय एकच, ते रस बाहेरून द्यायचे. दर घासाला नाही, पण दर खाण्याला कॅप्सूल. जेवणाला चार आणि मधल्या खाण्याला दोन. जेवणाच्या चारातल्या दोन पहिल्या घासाआधी आणि दोन निम्म्या ताटावर, म्हणजे रस अन्नाबरोबर पोचतो. चावायच्या नाहीत, गरम दुधात टाकायच्या नाहीत. शाळेतून खडू थेट तळघरात यायची. दुपारचं खाणं आणि संध्याकाळचं जेवण तिथेच, कापायच्या टेबलाखाली. टेपबाईच्या वहीत सगळं लिहिलेलं असायचं. कधी खाल्लं, किती कॅप्सूल, शौचाला कशी झाली, तरंगली की बुडाली, कारण न पचलेली चरबी तरंगते. मालकीणबाई एकदा चुकून ती वही मापांची समजून उघडून बसल्या आणि चहा तसाच ठेवून उठल्या.

नवरा मालाचा ट्रक चालवायचा. आठवड्यातले चार दिवस बाहेर, तीन दिवस झोपेत. माणूस वाईट नव्हता. पण खडूच्या दवाखान्याचं नाव काढलं की त्याला ट्रकचा टायर आठवायचा.

तर वर्षापूर्वीची गोष्ट. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचं, तसं गेले. तिथे मापाच्या सिस्टर होत्या, टेपबाईच्याच तोडीच्या. आधी वजनकाटा शून्यावर आणायच्या. बूट काढा, वरचे कपडे काढा. उंची भिंतीवरच्या पट्टीला टाच, पाठ, डोकं लावून तीनदा घ्यायच्या आणि तिन्ही आकडे लिहायच्या. मग आलेखाच्या कागदावर एक ठिपका. कागदावर छापलेल्या रेघा असतात. वाढतं पोर आपली रेघ धरून वर चढतं. खडूचे ठिपके दोन वेळा जागचे हलले नव्हते. उंची चढत होती, वजन एकोणीस किलो सहाशेवर अडून बसलेलं.

डॉक्टर मऊ बोलायचे, पण मऊ बोलणं कधीकधी जास्त लागतं. म्हणाले, "खडूची आई, अजून दोन-तीन वेळा बघू. नाही चढलं तर पोटावाटे नळी बसवायचा विचार करावा लागेल. रात्रभर त्यातून आहार सोडता येतो. घाबरण्यासारखं नाही, पुष्कळ मुलांना त्याचा फायदा होतो."

घाबरण्यासारखं नाही असं डॉक्टरांनी म्हटलं की माणूस घाबरतोच. पण टेपबाईला भीती नळीची नव्हती. खरं सांगायचं तर नळी म्हणजे तिला शिक्का वाटला. आईला पोर पोसता आलं नाही, याचा पोटावर मारलेला शिक्का. पोर कपडे बदलेल तेव्हा तेव्हा दिसणारा. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तू नीट देतेस ना गं कॅप्सूल?" झालं. त्या एका वाक्याने जे केलं ते डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी केलं नसतं.

पुढचे तीन महिने तिने पोरीला खाऊ घातलं म्हणजे काय, पिशवी भरतात तशी भरली. अंडी, लोणी, साय. दर रविवारी कारखान्यातल्या पार्सलच्या काट्यावर तिला नुसत्या पेटीकोटावर उभं करायची. एकोणीस सातशे. तीन महिन्यांत शंभर ग्रॅम.

दवाखान्याच्या आदल्या दिवशी टेबलावर वजनपट्टीचं रीळ पडलेलं होतं. खडूचा पेटीकोट मांडीवर होता, त्याची कड उसवली होती म्हणून घेतलेला. आता याला काय म्हणायचं, हात पुढे गेला. पेटीकोटाचा घेर सव्वा मीटर, म्हणजे पट्टी बरोबर पाचशे ग्रॅमची. कडेत अशी बसली की बस. वरून एक झालर लावली.

"फक्त एकदाच," ती स्वतःशी म्हणाली. "तोवर पोरगी भरेल, मग काढून टाकू."

खडूने घातला, दोन पावलं चालली आणि म्हणाली, "आई, हा जड आहे."

"दवाखान्याचा आहे. तेवढ्यापुरता घालायचा."

खडू आठ वर्षांची होती, दोन वर्षांची नाही. तिने आईकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

पोरगी लाजते, पेटीकोट राहू दे, असं टेपबाई सिस्टरना पहिल्यापासून सांगत आली होती, तेव्हा ते खरंच होतं. सिस्टर शेऱ्यात दरवेळी "पेटीकोटसह" असं लिहायच्या. त्या दिवशी आकडा आला वीस किलो दोनशे. सिस्टरनी झालर हातात धरून बघितली. "किती छान शिवलंय," त्या म्हणाल्या. टेपबाईने नीट करायच्या निमित्ताने झालर त्यांच्या हातातून सोडवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

नळीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. येताना ती इतकी हलकी झाली होती की खडूला फुगा घेऊन दिला.

पण खोट्या वजनाची गंमत अशी की ते पुढच्या वेळी वाढलेलं लागतं. पडद्याची पट्टी एकदा शिवली की संपलं, पोरीची संपत नाही. तीन महिन्यांनी खरं वजन एकोणीस आठशे. पट्टी तीच ठेवली तर ठिपका पुन्हा जागच्या जागी, आणि काढली तर सरळ खाली. मग दुसरी पट्टी, तिच्यावर दुसरी झालर. वीस आठशे. पुन्हा तीन महिन्यांनी एकोणीस नऊशे, तिसरी पट्टी, तिसरी झालर. एकवीस चारशे. पेटीकोट असा दिसायला लागला की शेजारीण म्हणाली, "वाढदिवस आहे का?" धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गत झाली. प्रत्येक रविवारी काट्यावर उभ्या पोरीकडे बघताना ती मनात पुढच्या पट्टीचं माप काढायची आणि स्वतःची लाज वाटायची. पेटीकोटात आता चौथ्या पट्टीला जागा नव्हती.

त्या एकवीस चारशेच्या वेळी वर्षाचं रक्तही घेतलं. चरबीबरोबर चार जीवनसत्त्वं अंगात शिरतात, ए, डी, ई आणि के. चरबी पचली नाही तर तीही निसटतात, म्हणून वर्षातून एकदा तपासायची. दहा दिवसांनी अहवालासाठी एकटीला बोलावलं. आहाराच्या बाई समोर बसल्या. चाळिशीतल्या, चष्मा कपाळावर, बोलणं तोंडावर.

"खडूची आई, मला एक कोडं पडलंय," त्या म्हणाल्या. "डी तीसच्या वर हवं, आलंय चौदा. ई कमी. ए कमी. तापात ए उगाच खाली दिसतं, म्हणून आपण ती बरी असतानाच रक्त घेतलं, म्हणजे हे खरंच कमी आहे. रक्त गोठायला वेळ लागतोय, म्हणजे के पण कमी. आणि वजन मात्र चढतंय. चरबी पचल्याशिवाय एवढं वजन चढत नाही, आणि चरबी पचली असती तर हे आकडे असे आले नसते. मला वाटतं जीवनसत्त्वाचं औषधच चुकतंय. देतेस का रोज?"

"देते."

"कशाबरोबर?"

"सकाळी लोणी लावलेल्या खाण्याबरोबर, कॅप्सूल देऊन. एक दिवस चुकवलेला नाही. वहीत आहे."

"वहीत सगळेच लिहितात गं," बाई म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत, त्यांचा अनुभव बोलला.

टेपबाईचे कान गरम झाले. बघा कसं असतं. जिथे ती शंभर नंबरी खरी होती तिथे तिच्यावर संशय, आणि जिथे पक्की खोटी होती तिथे कोणी विचारत नव्हतं. आणि तोंड उघडून भांडायची सोय नव्हती. भांडली असती तर पेटीकोटच बाहेर आला असता.

बाईंनी हिशोब मांडला. "चाचणी म्हणते पचन कमी पडतंय, तर कॅप्सूल वाढवून बघू. एका कॅप्सूलमध्ये दहा हजार युनिट. एका जेवणाला किलोमागे जास्तीत जास्त अडीच हजार आणि दिवसाला किलोमागे दहा हजार. त्याच्या वर मी जात नाही. फार जास्त डोसाने मोठ्या आतड्याची भिंत जाड होऊन आतडं आवळल्याचं झालेलं आहे काही मुलांना. आता एकवीस चारशेला जेवणाला पाच बसतात, दिवसाला एकवीस. बरं झालं वजन वाढलं. वीसच्या आत असती तर ही पाचवी देता आली नसती."

टेपबाईने काही लिहून घेतलं नाही. तिला लागतच नाही, मीटरचे हिशोब ती तोंडी करायची. खरं वजन एकोणीस नऊशे, दिवसाचं टोक एक लाख नव्व्याण्णव हजार. बाईंनी दिलेले दोन लाख दहा हजार. म्हणजे तिच्या पट्ट्यांनी पोरीला मर्यादेच्या पलीकडे नेऊन ठेवलं होतं. आणि पुढच्या वेळी पट्टी वाढली तर डोस आणखी वाढणार. तीन झालरींचा पेटीकोट आता पोरीच्या आतड्याशी खेळत होता.

कारखान्यात येऊन तिने पाचवी कॅप्सूल हातात घेतली आणि बाटलीत परत टाकली. वहीत मात्र पाच लिहिलं. आजवर त्या वहीत एकही अक्षर खोटं नव्हतं. त्या दिवशी पेन टेकवून ती इतका वेळ बसली की शाईचा ठिपका पडला. इकडे आड, तिकडे विहीर. पाच द्याव्यात तर हद्द ओलांडते. चार द्याव्यात तर बाई म्हणणार, पाचनेही फरक नाही, सहा करू. खरं सांगावं तर इतक्या महिन्यांचं सगळं खोटं एकदम टेबलावर, आणि वर नळी. "माझी आई खोटारडी" हे पोरीला लोकांच्या तोंडून ऐकायला मिळणार. आपल्याला कुठूनच वाट नाही हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं, एरवी कापडाचा दोष दिसतो तसं.

महिन्याभराने पुन्हा जायचं होतं. तीन आठवड्यांनी एका दुपारी टेबलाखाली बसलेली खडू म्हणाली, "आई, नाक." नाकातून रक्त येत होतं. टेपबाईने नाक चिमटीत धरून पुढे वाकवलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. थांबेना. पंधरा मिनिटांनी थांबलं तेव्हा मापाच्या टेपवर आठ ते तीस इंचांपर्यंत लाल डाग होते. हात धुताना पोरीच्या दंडावर दोन निळे वळ दिसले, कुठे आपटल्याचं दोघींनाही आठवेना. रक्त गोठायला वेळ लागतो, असं बाई म्हणाल्या होत्या. ते कागदावर आकडा म्हणून ऐकलं होतं. आता ते हातावर होतं.

"मला ओरडू नको," खडू म्हणाली. "मी नाकात बोट नव्हतं घातलं."

टेपबाईने तिला जवळ घेतलं आणि मशीनच्या आवाजात मनसोक्त रडली. कोणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी चाललं असतं. दवाखान्याचा वार बघत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठला. तीन झालरींचा पेटीकोट खडूच्या अंगात होता. का घातला, तर तो नसताना जायची हिंमत नव्हती, आणि तो असल्याशिवाय सांगायचं काय हेही कळत नव्हतं.

मापाच्या खोलीत सिस्टरनी काटा शून्यावर आणला. "ये गं झालरवाली."

"सिस्टर," टेपबाई म्हणाली, "आज पेटीकोट काढून करा."

"का? नेहमी तर—"

"काढून करा."

बनियन-चड्डीवर खडू काट्यावर उभी राहिली. एकोणीस आठशे. सिस्टरनी तिला उतरवलं, स्वतः चढून बघितलं, पुन्हा तिला चढवलं. एकोणीस आठशे. त्यांनी आलेखाकडे बघितलं आणि मग टेपबाईकडे. टेपबाईने पेटीकोट उचलला आणि काट्यावर ठेवला. नुसत्या पेटीकोटाचं वजन, एक किलो सहाशे.

सिस्टरनी बेरीज केली असणार, त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी कड बोटांनी चाचपली. चाचपूनही त्यांना पट्टी नीट सापडली नाही, टेपबाईनेच शिवण दाखवली.

"वर्षभर?" त्यांनी विचारलं.

"तीन वेळा. पाचशे, हजार, दीड हजार. तेवढं वजा करा म्हणजे खरं येईल. खरा आकडा मी दर आठवड्याला घेत होते, तो पक्का आहे."

"पक्का नाहीये," खडू म्हणाली.

दोघी बायका वळल्या. पोरगी काट्याशेजारी उघड्या पायांनी उभी होती, हात पोटावर.

"मी पाणी पिते. दोन बाटल्या. आत्ता बाथरूममध्ये प्यायले." तिने आईकडे बघितलं नाही, काट्याकडे बघितलं. "रविवारी पण पिते. पहिल्यापासून. तू काट्याकडे बघून तोंड असं करतेस ना, म्हणून."

टेपबाई खाली बसली. खुर्ची होती तरी जमिनीवर बसली. ज्या एका आकड्याच्या जिवावर ती स्वतःला अजून खरी समजत होती, तो आकडासुद्धा तिच्या तोंडाकडे बघून पोरीने फुगवलेला होता. झाकायचं कसं ते पोरगी तिच्याकडूनच शिकली होती. शिकवायला तिला एक वाक्यही बोलावं लागलं नव्हतं.

"आई, नळी घालणार का आता?" खडूने विचारलं.

"मला माहीत नाही," टेपबाई म्हणाली. एवढ्या महिन्यांत दवाखान्यात ती पहिल्यांदाच आधी माप न काढता बोलली.

सिस्टरनी खडूला लघवीला पाठवलं, पुन्हा मोजलं, एकोणीस पाचशे. "बाकीचं पाणी अजून आत आहे. उद्या सकाळी काही न खाता-पिता आणा." मग आलेखावरच्या तीन ठिपक्यांभोवती गोल काढून त्यांनी शेरा लिहिला: कपड्यात वजन, ग्राह्य नाही. खोडले मात्र नाहीत. "झालेलं खोडायचं नसतं," त्या म्हणाल्या, आणि पेटीकोटाची घडी घालून तिच्या हातात दिली.

आहाराच्या बाई चिडल्या, आणि का चिडू नये? "माझ्या हातून पोरीला काय झालं असतं माहितेय?"

"माहितेय. म्हणून पाचवी दिलीच नाही. वहीत पाच लिहिलं, दिल्या चार."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. राग आवरायला त्यांना पाणी प्यावं लागलं. मग म्हणाल्या, "बरं. आता तू खरं बोलायला बसलीच आहेस तर पहिल्यापासून सांग. चारने पचायला हवं होतं. किलोमागे दोन हजार म्हणजे कमी नाही. दिवस सांग. बाटली घरी येते तिथपासून."

"बाटली घरी नाही, कारखान्यात. घरी आणि तळघरात दोन्हीकडे ओल. तुम्हीच सांगितलं होतं ना, ओल लागू देऊ नका. महिन्याचा सगळा साठा डब्यात घालून तिथे ठेवते, सकाळच्या तेवढ्या रोज संध्याकाळी बरोबर नेते. एकदम कोरडी जागा आहे, बाई. तिथे कापडालासुद्धा बुरशी येत नाही." हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. एवढी एक गोष्ट तरी तिने चोख केली होती.

"कुठली जागा?"

"बॉयलरच्या वरची फळी."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हात लावून बघितलंस कधी डब्याला? गरम असतो?"

"कोमट. नवा बॉयलर आल्यापासून जरा जास्त."

"कधी आला नवा?"

टेपबाईने मनात महिने मोजले. दीड वर्षापूर्वी आला होता. आलेखावरचा ठिपका पहिल्यांदा अडला त्याच्या जरा आधी. मोजायची सवय असलेल्या बाईला तारखा जुळवायला वेळ लागत नाही.

"पंचवीस अंशांच्या वर ठेवायच्या नसतात गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बघून कळत नाही, गोळी तशीच दिसते. आतला रस मरतो. ओलीचं सांगितलं, पण उन्हाचं, गरमीचं मी सांगितलं की नाही मला आठवत नाही. तू कॅप्सूल देत होतीस, वेळेवर, मोजून. पण बहुतेक मेलेल्या देत होतीस. आणि खरं वजन कागदावर असतं तर हा प्रश्न मी सात महिन्यांपूर्वी विचारला असता."

हे शेवटचं वाक्य टेपबाई अजून विसरलेली नाही. तिने पोरीसाठी जे काही केलं, त्यातल्या एका कामाने पोरीचं औषध मारलं आणि दुसऱ्याने ते कळू दिलं नाही. दोन्ही कामं मन लावून केलेली होती.

डॉक्टर आले. मऊ आवाजातच म्हणाले, जुना साठा फेकून नवीन कॅप्सूल, डोस चारच, पाच नाही. के जीवनसत्त्व आजच, बाकीच्यांचं औषध वाढवून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. नळीचं काय, असं तिनेच विचारलं. "विषय बंद नाही," ते म्हणाले. "पण आधी जिवंत औषध देऊन बघू. सहा आठवड्यांनी या." दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी पोटी काट्यावर खडू भरली एकोणीस तीनशे. वर्षापूर्वीच्या आकड्यापेक्षा तीनशे ग्रॅमने कमी.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठून घरातली सगळ्यात थंड जागा शोधत हिंडला, दाराआडच्या फडताळात हात घालून बघितला, आणि ट्रकमधला तापमापक आणून आत टांगला. रोज फोन करून विचारायचा, "किती आहे?" तिला आधी वाटलं पोरीबद्दल विचारतो. तो फडताळाबद्दल विचारायचा. असो, सुरुवात होती.

कॅप्सूल काही सुटल्या नाहीत, त्या सुटणार नाहीत. दोन आधी, दोन मध्ये, रोज, जन्मभर. वहीही तशीच. पहिल्या आठवड्यात फक्त एक शब्द बदलला. तरंगली, तरंगली, तरंगली असं पानभर असायचं तिथे एका सकाळी तिने "बुडाली" लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मालकीणबाईंना दाखवायला गेली तर त्यांनी चहाचा कप आधीच बाजूला ठेवला.

सहा आठवड्यांनी मापाच्या खोलीत खडू स्वतःच म्हणाली, "थांबा, मी शू करून येते." जाऊन आली. बनियन-चड्डीवर काट्यावर चढली आणि सवयीने आईच्या तोंडाकडे बघायला लागली. टेपबाईने त्यासाठी वर्षभराची अक्कल खर्च करून एक युक्ती काढली होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आई, बघ ना," खडू म्हणाली.

"तू बघ. मला नुसतं सांग."

आकडे स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा लागला.

"एकोणीस आठशे," खडूने वाचलं.

सहा आठवड्यांपूर्वी याच काट्यावर हाच आकडा होता. तेव्हा त्यात दोन बाटल्या पाणी होतं. सिस्टरनी पेन उचललं, शेऱ्याच्या रकान्याशी थांबल्या आणि विचारलं, "काय लिहू इथे?"

टेपबाई भिंतीकडेच बघत होती, कारण तोंड दाखवण्यासारखं नव्हतं. खडूनेच सांगितलं.

"लिहा, नुसती खडू."